वाफेच्या वेगाचा हिशेब

एका टाकीत १० बार दाबाचं थंड पाणी आहे आणि शेजारच्या बॉयलरमध्ये १० बार दाबाचीच वाफ. दोन्हींना एकेक नॉझल जोडलं आणि दोन्ही बाहेर, म्हणजे साधारण १ बार दाबाच्या हवेत, मोकळी सोडली. पाण्याची धार सेकंदाला सुमारे ४२ मीटर वेगाने बाहेर पडेल. ताशी दीडशे किलोमीटर म्हणा. वाफेचा झोत मात्र, नॉझल योग्य आकाराचं असेल तर, सेकंदाला ८८० मीटरच्या आसपास जाईल. म्हणजे ताशी तीन हजार किलोमीटरहून जास्त, साध्या हवेतल्या आवाजाच्या वेगाच्या अडीच पट.

दाबातला फरक दोन्हीकडे तोच, ९ बार. तरी वाफेचा वेग पाण्याच्या वीस पट. वाफ पाण्यापेक्षा हलकी असते हे खरं, पण तेवढ्यावर उत्तर पूर्ण होत नाही. वाफेला हा वेग देणारी ऊर्जा बहुतांशी दाबाच्या ढकलण्यातून येतच नाही, ती वाफेच्या पोटातल्या उष्णतेतून येते. ती किती येते आणि तिचा वेग किती होतो, हे सांगणारं समीकरण आहे स्थिर प्रवाहाचं ऊर्जा समीकरण. यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात ते शिकवलं जातं आणि नॉझलवरचं गणित दोन ओळींत संपतं. पण त्या दोन ओळींत काय घडतं हे पाहण्यासाठी एक खरं नॉझल घेऊन शेवटपर्यंत जायला हवं.

दुधापासून सुरू झालेली गोष्ट

स्वीडनच्या गुस्ताफ दे लाव्हाल यांनी १८७८ मध्ये दुधातली साय वेगळी करणारं फिरतं यंत्र बनवलं. दूध वेगाने फिरवलं की जड भाग कडेला जातो आणि हलकी साय मध्ये राहते. हे काम चांगलं व्हायला यंत्र मिनिटाला हजारो फेऱ्या फिरावं लागतं. त्या काळचं दट्ट्याचं वाफेचं इंजिन मिनिटाला जेमतेम काहीशे फेऱ्या देई. म्हणून मुळातच वेगाने फिरणाऱ्या वाफयंत्राचा शोध दे लाव्हाल घेऊ लागले. वाफेचा झोत थेट चाकाच्या पात्यांवर सोडायचा ही त्यांची कल्पना होती, आणि त्यासाठी झोत जितका वेगवान करता येईल तितका हवा होता.

१८८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जे नॉझल वापरलं ते आधी निमुळतं होत जातं आणि मग पुन्हा रुंदावतं. आज जगभर त्याला दे लाव्हाल नॉझल म्हणतात; रॉकेटच्या शेपटाला दिसतं तेही याच घराण्यातलं. दे लाव्हाल यांच्या साय काढण्याच्या यंत्रातून वाढलेली कंपनी पुढे अल्फा लाव्हाल झाली, आणि पुण्यात दापोडीला तिचा कारखाना अनेकांनी पाहिला असेल.

आपण त्याच जातीचं एक छोटं वाफेचं नॉझल घेऊ. आत येणारी वाफ १० बार दाबाची, कोरडी आणि संपृक्त, म्हणजे पाण्याचा एकही थेंब नसलेली पण उकळबिंदूवरच असलेली. तिचं तापमान १८० अंश सेल्सिअस. बाहेरचा दाब १ बार. इथे सगळे दाब निरपेक्ष आहेत. बॉयलरच्या गेजवर हीच वाफ ९ दाखवेल, कारण गेज हवेच्या दाबाच्या वरचा भाग मोजतं. गेजचा आकडा तसाच स्टीम टेबलमध्ये शोधला की पुढचं सगळं गणित चुकतं, म्हणून ही गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी.

जमाखर्चाची वही

स्थिर प्रवाहाचं समीकरण म्हणजे एक किलो वाफेचा जमाखर्च. नॉझलच्या आत शिरताना तिच्याकडे जेवढी ऊर्जा होती, अधिक वाटेत बाहेरून मिळालेली उष्णता, हे सगळं बाहेर पडताना तिच्याकडे असलेल्या ऊर्जेत आणि वाटेत तिने केलेल्या कामात सापडलंच पाहिजे:

h1 + c1²/2 + g·z1 + q = h2 + c2²/2 + g·z2 + w

यात h म्हणजे एन्थाल्पी, c म्हणजे वेग, z म्हणजे उंची, q म्हणजे मिळालेली उष्णता आणि w म्हणजे केलेलं काम. १ हा आकडा प्रवेशाचा, २ हा निर्गमाचा. ‘स्थिर’ या शब्दाची अट एवढीच, की नॉझलच्या कुठल्याही एका जागी उभं राहून पाहिलं तर वेळ जाईल तसं काही बदलत नाही. जेवढी वाफ शिरते तेवढीच निघते, धातूचं तापमानही ठरलेलं राहतं. वाफ नुकतीच सुरू केली असेल आणि थंड लोखंड अजून तापत असेल, तर ही वही लागू पडत नाही, कारण काही ऊर्जा धातूत साठत असते.

आता एकेक पद पाहू. नॉझलमध्ये फिरणारा दांडा नाही, पातं नाही, काहीच हलत नाही. वाफ तिथे कुणाचं काम करत नाही, म्हणून w शून्य. नॉझल बोटभर लांबीचं आहे आणि वाफ त्यातून सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात निघून जाते. एवढ्या वेळात एका किलोमागे भिंतीतून जाणारी उष्णता नगण्य, म्हणून q शून्य. उंचीचा फरक समजा पूर्ण एक मीटर धरला, तरी त्याची किंमत किलोमागे १० जूलपेक्षा कमी. तीही सोडून दिली.

उरला c1, आत येतानाचा वेग. वाफेच्या नळ्यांत तो साधारण सेकंदाला ३० मीटर असतो. त्याची गतिज ऊर्जा किलोमागे ४५० जूल, म्हणजे अर्ध्या किलोजूलपेक्षाही कमी. आपल्या नॉझलमध्ये ज्या ऊर्जेचा व्यवहार होणार आहे ती चारशे किलोजूलच्या घरातली आहे. c1 धरला तर शेवटच्या वेगात अर्ध्या मीटरचा फरक पडतो. म्हणून तोही सोडता येतो; मात्र टर्बाइनमध्ये एकामागून एक अशी नॉझलं असतील तर आधीच्या टप्प्यातून वाफ वेगानेच येते आणि तिथे c1 सोडणं महाग पडतं.

एवढं वजा केल्यावर वहीत दोनच नोंदी राहतात. एन्थाल्पीत जेवढी घट झाली तेवढीच गतिज ऊर्जा वाढली:

c2 = √(2 × (h1 − h2))

एन्थाल्पीत काय काय असतं

एन्थाल्पी हा शब्द ऐकून विद्यार्थी बिचकतात, पण तिच्यात दोनच गोष्टी आहेत. पहिली वाफेची अंतर्गत ऊर्जा: रेणूंची धावपळ आणि त्यांनी एकमेकांपासून सुटताना घेतलेली सुप्त उष्णता. दुसरी प्रवाहाचं काम: मागची वाफ पुढच्या वाफेला नॉझलमध्ये ढकलते, त्या ढकलण्याचं मोल. ते दाब गुणिले आकारमान एवढं असतं. १० बार दाबाला एक किलो वाफ ०.१९४४ घनमीटर जागा व्यापते, म्हणून तिला आत ढकलायला १९४ किलोजूल लागतात. तिची अंतर्गत ऊर्जा २५८४ किलोजूल. दोन्हींची बेरीज २७७८ किलोजूल, आणि स्टीम टेबलमध्ये १० बारच्या ओळीत कोरड्या वाफेच्या एन्थाल्पीखाली हाच आकडा सापडतो. हा झाला आपला h1.

वाहत्या वाफेसाठी ही बेरीज करून ठेवण्यात मोठी सोय आहे. प्रवेशाला ढकलण्याचं काम मिळतं, निर्गमाला पुढच्या हवेला ढकलण्यात खर्च होतं. दोन्ही बाजूंना ते एन्थाल्पीत आपोआप मोजलं जातं आणि वेगळी नोंद करावी लागत नाही.

h2 कसा काढायचा

इथे समीकरण एकटं पुरत नाही. ऊर्जेचा जमाखर्च सांगतो की h1 आणि h2 मधला फरक वेगात गेला, पण h2 स्वतः किती हे तो सांगत नाही. बाहेरचा दाब १ बार आहे एवढंच आपल्याला माहीत आहे, आणि १ बार दाबाची वाफ कोरडी असू शकते, ओली असू शकते, खूप तापलेलीही असू शकते. नेमकी कोणती, हे ठरवायला दुसरा नियम लागतो.

तो नियम एन्ट्रॉपीचा. वाफेला बाहेरून उष्णता मिळाली नाही आणि आत घर्षणात काही वाया गेलं नाही, तर तिची एन्ट्रॉपी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच राहते. असं आदर्श नॉझल आधी गृहीत धरू. १० बारच्या कोरड्या वाफेची एन्ट्रॉपी टेबलमध्ये ६.५८७ आहे. म्हणजे बाहेर पडतानाही ती ६.५८७ असायला हवी.

आता १ बारची ओळ पाहू. तिथे सगळं पाणी असेल तर एन्ट्रॉपी १.३०३, आणि सगळी कोरडी वाफ असेल तर ७.३५९. आपला ६.५८७ या दोहोंच्या मध्ये पडतो, वाफेच्या बाजूला झुकलेला. म्हणजे बाहेर येणारा माल ना शुद्ध पाणी ना शुद्ध वाफ, तो ओली वाफ आहे. प्रमाण काढलं तर १०० पैकी ८७.२ भाग वाफ आणि १२.८ भाग बारीक थेंबांचं पाणी. याला शुष्कता ०.८७२ म्हणतात.

त्याच प्रमाणात एन्थाल्पी जुळवली. १ बारच्या पाण्याची एन्थाल्पी ४१७.५ किलोजूल, आणि त्याची पूर्ण वाफ व्हायला आणखी २२५८ किलोजूल. म्हणून:

h2 = 417.5 + 0.8724 × 2258 = 2387.3 kJ/kg

h1 − h2 = 2778.1 − 2387.3 = 390.8 kJ/kg

c2 = √(2 × 390800) = 884 m/s

शेवटच्या ओळीत किलोजूलचे जूल केले आहेत. ही पायरी राहून गेली तर उत्तर २८ मीटर येतं. वाफेच्या नॉझलमधून पंख्याच्या झुळुकीपेक्षा थोडा जास्त वेग निघाला, की समजावं हजाराने गुणायचं राहिलं. ही चूक टाळण्यासाठी अभियंते सूत्र असंही लिहितात: एन्थाल्पीतली घट किलोजूलमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४४.७२ ने गुणा.

जर्मनीच्या रिचर्ड मोलियर यांनी १९०४ मध्ये एन्थाल्पी उभ्या अक्षावर आणि एन्ट्रॉपी आडव्या अक्षावर घेऊन आलेख मांडला, तो याच कामासाठी फार सोयीचा ठरला. १० बारच्या बिंदूपासून सरळ खाली १ बारच्या रेषेपर्यंत उतरायचं. त्या उभ्या रेघेची लांबी म्हणजेच एन्थाल्पीतली घट.

हे ३९१ किलोजूल कुठून आले

वेगात गेलेल्या ऊर्जेचा हिशेब उलटा करून पाहिला की सुरुवातीचं कोडं सुटतं. बाहेर पडणाऱ्या वाफेच्या दाब-आकारमानाचा गुणाकार येतो १४८ किलोजूल. आत तो १९४ होता. म्हणजे ढकलण्याच्या कामातून मिळाले जेमतेम ४७ किलोजूल. बाकीचे ३४४ अंतर्गत ऊर्जेतून आले. वाफ पसरता पसरता स्वतःच स्वतःला पुढे ढकलत गेली आणि त्याचं मोल तिने आपल्या उष्णतेतून चुकवलं.

थंड पाण्याचं तसं होत नाही. ते पसरत नाही, म्हणून पोटातली उष्णता वेगासाठी त्याला वापरताच येत नाही. त्याच्याकडे फक्त दाबाचं ढकलणं असतं: ९ बार गुणिले एका किलोचं एक लिटर, म्हणजे ०.९ किलोजूल. त्याच सूत्रात घाला, ४२ मीटर मिळतात. दोघांना एकच समीकरण लागू पडतं, फरक आहे तो खर्चायला मिळणाऱ्या ऊर्जेत.

अंतर्गत ऊर्जेतही एक पोटभाग पाहण्यासारखा आहे. वाफ १८० अंशांवरून जवळजवळ १०० अंशांवर आली, म्हणून तापमानातली ही ८० अंशांची घट वाफेच्या उष्माधारणेने गुणली की झालं, असं वाटू शकतं. तसं केलं तर १७० किलोजूलच्या आसपास घट येते आणि वेग ५८० मीटर. खऱ्या उत्तरापेक्षा तीनशे मीटरनी कमी. उरलेली ऊर्जा त्या १२.८ टक्के वाफेची आहे, जिने पाणी होताना आपली सुप्त उष्णता सोडली. नॉझलमधल्या हवेसाठी तापमानाचा हिशेब चालतो. ओल्या होणाऱ्या वाफेसाठी चालत नाही. तिथे स्टीम टेबलला पर्याय नाही.

आकार का बदलावा लागतो

आतापर्यंतच्या गणितात नॉझलच्या आकाराचा उल्लेखही आला नाही. ऊर्जेच्या वहीला आकाराशी देणंघेणं नसतं. तिला फक्त दोन टोकं दिसतात. पण ८८४ मीटर हा वेग प्रत्यक्षात मिळवायचा असेल तर आकारच सर्वस्व आहे, आणि तो ठरवायला तिसरा नियम लागतो: प्रत्येक जागेतून सेकंदाला तेवढंच वजन वाफ गेली पाहिजे.

वाफ पुढे जाते तशी दोन गोष्टी वाढतात, तिचा वेग आणि तिचं आकारमान. सुरुवातीला वेग झपाट्याने वाढतो आणि आकारमान हळू, म्हणून तेवढ्याच वाफेला कमी जागा पुरते; वाट निमुळती करावी लागते. दाब सुमारे ५.८ बारपर्यंत उतरला की पारडं फिरतं. त्यानंतर आकारमान वेगापेक्षा झपाट्याने वाढतं आणि वाट पुन्हा रुंद करावी लागते. या वळणावरच्या सर्वांत अरुंद जागेला थ्रोट म्हणतात.

थ्रोटपाशी तोच जमाखर्च मांडला तर एन्थाल्पी तिथपर्यंत सुमारे १०३ किलोजूल उतरलेली असते आणि वेग ४५३ मीटर भरतो. हा त्या जागच्या वाफेतल्या आवाजाचा वेग. नुसतं निमुळतं नॉझल वाफेला एवढ्यापर्यंतच नेऊ शकतं. पुढची २८८ किलोजूलची घट मग नॉझलच्या तोंडाबाहेर होते. वाफ चहूकडे फुटते, आणि एका दिशेचा झोत म्हणून ती हाती लागत नाही. दे लाव्हाल यांच्या रुंदावत्या भागाने ही उरलेली घट भिंतींच्या आत घडवून आणली.

सेकंदाला १०० ग्रॅम, म्हणजे तासाला ३६० किलो वाफ सोडायची असेल तर आपल्या नॉझलचा थ्रोट ९.४ मिलिमीटर व्यासाचा आणि तोंड १४.६ मिलिमीटरचं निघतं. पेन्सिलीपेक्षा थोडंसंच रुंद छिद्र. आदर्श हिशेबाने त्यातून बाहेर पडणाऱ्या झोताची ताकद ३९ किलोवॉट, म्हणजे पन्नास अश्वशक्तीपेक्षा जास्त.

थ्रोटमध्ये एकदा आवाजाचा वेग गाठला की बाहेरचा दाब आणखी कमी करूनही जास्त वाफ जात नाही. बॉयलरचा दाब वाढवला तरच वाढते. आणि बाहेरचा दाब आपण धरला त्यापेक्षा बराच जास्त असेल, तर रुंद भागात वाफेचा वेग एका जागी अचानक मोडतो आणि दाब उडी मारून वर जातो. झुरिकचे प्राध्यापक आउरेल स्टोडोला यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉझलच्या मधोमध एक बारीक नळी सरकवून, तिच्या कडेच्या छिद्रातून जागोजागचा दाब मोजला, आणि या उड्या आलेखावर टिपल्या. नॉझल बिघडलंय की नाही हे ओळखायची ही पद्धत आजही मुळात तीच आहे: वाटेवरचा दाब मोजा आणि तो हळूहळू उतरतो की मध्येच चढतो ते पाहा.

घर्षणाने काय जातं

खरं नॉझल आदर्श नसतं. भिंतीला घासताना वाफेचा थोडा वेग जातो. समजा आपल्या नॉझलची कार्यक्षमता ९२ टक्के आहे. हे ९२ टक्के एन्थाल्पीच्या घटीला लागतात, वेगाला नाही. म्हणून खरी घट ३५९.५ किलोजूल आणि खरा वेग ८४८ मीटर. ८८४ ला थेट ०.९२ ने गुणलं तर ८१३ येतात, आणि नॉझल आहे त्यापेक्षा वाईट ठरतं. परीक्षेत हमखास दिसणारी ही चूक आहे.

मग गेलेले ३१ किलोजूल कुठे आहेत? कुठेही गेलेले नाहीत. घर्षणाची उष्णता वाफेतच परतली आणि तिने काही थेंबांची पुन्हा वाफ केली. बाहेर पडणाऱ्या वाफेची शुष्कता ०.८७२ ऐवजी ०.८८६ झाली. जमाखर्च तंतोतंत जुळतो. फक्त ऊर्जा वेगाच्या खात्यातून उष्णतेच्या खात्यात गेली, आणि पात्यावर आदळायला उपयोगी राहिली नाही.

हीच गोष्ट टोकाला नेली तर काय होईल, ते कुठल्याही कारखान्यातल्या अर्धवट उघडलेल्या वाफेच्या व्हॉल्व्हमध्ये दिसतं. तिथेही वाफ १० बारवरून १ बारला उतरते. पण भोवऱ्यांत आणि घर्षणात तिचा सगळा वेग मोडतो, आणि पुढच्या रुंद नळीत ती संथ चालते. त्याच समीकरणात c2 जवळजवळ शून्य घातला की h2 बरोबर h1, म्हणजे २७७८ किलोजूल. १ बार दाबाला एवढी एन्थाल्पी असलेली वाफ १५१ अंशांची आणि पूर्ण कोरडी असते. दोन्ही ठिकाणी सुरुवातीची वाफ तीच आणि शेवटचा दाबही तोच. नॉझलमधून निघते ती १०० अंशांची ओली, प्रचंड वेगाची वाफ. व्हॉल्व्हमधून निघते ती १५१ अंशांची कोरडी, संथ वाफ. खराब झालेलं, झिजलेलं नॉझल या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतं, आणि दिवसेंदिवस व्हॉल्व्हकडे सरकत असतं.

वेग प्रत्यक्ष किती मिळतो हे झोताच्या धक्क्यावरून कळतं. सेकंदाला ०.१ किलो वाफ ८४८ मीटर वेगाने निघत असेल तर नॉझलला मागे बसणारा धक्का सुमारे ८५ न्यूटन, म्हणजे साडेआठ किलो वजनाएवढा. झोताची वाफ थंड करून तिचं पाणी मोजलं आणि धक्का काट्यावर मोजला, की भागाकारातून वेग मिळतो आणि तो कागदावरच्या ८८४ शी ताडून पाहता येतो.

अशी मोजमापं होऊ लागली तेव्हा एक विचित्र गोष्ट आढळली: थ्रोटमधून प्रत्यक्ष जाणारी वाफ हिशेबापेक्षा किंचित जास्त भरते. घर्षण असताना जास्त कशी? कारण वाफ इतक्या घाईत पसरते की थेंब बनायला तिला वेळच मिळत नाही. टेबलप्रमाणे ती ओली व्हायला हवी अशा जागीही ती काही काळ कोरडीच, हवी त्यापेक्षा थंड आणि दाट राहते; मग पुढे एकदम धुकं धरतं. आपण स्टीम टेबलमधून h2 काढताना वाफ आणि पाणी यांचा पूर्ण समतोल गृहीत धरला होता. थ्रोटच्या आसपास तो नसतो. समीकरण चुकत नाही, त्यात घातलेली वाफेची अवस्था चुकते.

वेग मिळाला, पुढे काय

८८४ मीटर हा आकडा दे लाव्हाल यांना हवा होता तेवढा मोठा होता, आणि त्यानेच त्यांची अडचण केली. झोताची ऊर्जा चाकाने पुरती घ्यायची असेल तर पात्यांचा वेग झोताच्या वेगाच्या निम्म्याच्या जवळ हवा. तेव्हाच पात्यावरून मागे वळलेली वाफ जवळजवळ थांबलेल्या अवस्थेत सुटते आणि आपल्याबरोबर वेग घेऊन जात नाही. झोत थोडा तिरका पडतो हे धरून आपल्या नॉझलसाठी पात्यांचा वेग सेकंदाला ४१५ मीटर येतो. २६ सेंटीमीटर व्यासाच्या चाकाला त्यासाठी मिनिटाला ३०,००० फेऱ्या घ्याव्या लागतात. त्या वेगाला कडेवरचा एक ग्रॅम धातू १३० किलो वजनाएवढ्या जोराने बाहेर ओढतो. दे लाव्हाल यांची छोटी टर्बाइनं खरोखरच ३०,००० फेऱ्यांपर्यंत जात. चाक थरथरून मोडू नये म्हणून त्यांनी दांडा मुद्दाम बारीक आणि लवचीक ठेवला, आणि फेऱ्या उतरवायला दातेरी चाकं जोडली. यंत्र चाललं, पण मोठं करता येईना.

त्याच काळात इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स यांनी दुसरा मार्ग धरला. १८८४ मधलं त्यांचं पहिलं टर्बाइन मिनिटाला १८,००० फेऱ्यांचं होतं, पण त्यात वाफेचा दाब एका नॉझलमध्ये एकदम न उतरवता पात्यांच्या अनेक ओळींमध्ये थोडाथोडा उतरवला होता. याचा फायदा सूत्रातल्या वर्गमुळात आहे. ३९१ किलोजूलची घट २५ समान भागांत वाटली तर प्रत्येक नॉझलच्या वाट्याला साडेपंधरा किलोजूल येतात, आणि वेग पंचविसावा भाग न होता पाचवा भाग होतो: सेकंदाला १७७ मीटर. पात्यांना मग ८३ मीटर पुरतात. आपल्या विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारतेसाठी जनित्र मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरवतात. तेवढ्या फेऱ्यांत ८३ मीटर द्यायला ५३ सेंटीमीटरचं चाक लागतं. एकाच चाकाने सगळी घट घ्यायची ठरवली असती तर ते २.६ मीटरचं झालं असतं आणि कडेला ४१५ मीटरच्याच वेगाने पळालं असतं.

दोन्ही मार्ग आजही जिवंत आहेत. महाराष्ट्रातल्या अनेक साखर कारखान्यांत उसाच्या मिल वर्षानुवर्षं एकाच चाकाच्या वाफेच्या टर्बाइनवर चालल्या. नॉझलमधून निघालेला वेगवान झोत त्या चाकावरच्या पात्यांवर पडतो आणि मिनिटाच्या हजारो फेऱ्या गिअरबॉक्समधून मिलच्या मोजक्या फेऱ्यांवर आणल्या जातात. टर्बाइनमधून निघालेल्या वाफेवरच मग रस उकळतात. मोठ्या औष्णिक वीजकेंद्रांत मात्र वाटणीचा मार्ग आहे, एकामागून एक अनेक ओळींचा. एकूण एन्थाल्पीची घट दोन्हीकडे बॉयलरचा दाब, वाफेचं तापमान आणि बाहेरचा दाब हेच ठरवतात. ती किती नॉझलांत वाटायची हे मात्र रचनाकाराच्या हातात असतं. त्याचं काम सुरू होतं ते वर मांडलेल्या दोन ओळींच्या गणिताने, कारण पात्यांचा वेग, चाकाचा व्यास आणि त्यावर पडणारा ताण हे सगळे त्याच c2 वरून निघतात.